अनामत ही मालकाची कमाई नव्हे

भाड्याच्या घराचं डिपॉझिट परत मागायला गेलेला माणूस आपल्याकडे याचकासारखा दिसतो. आवाज खाली, "जमेल तेव्हा बघा" अशी भाषा आणि आलेल्या रकमेबद्दल आभार. पैसे त्याचे, घर सोडून झालेलं, किल्ल्या दिलेल्या, तरी देणारा दाता आणि घेणारा उपकृत. ही उलटी रीत इतकी मुरली आहे की डिपॉझिटमधून तीस-चाळीस हजार कापले गेले तरी लोक सुस्कारा टाकतात आणि म्हणतात, "निदान उरलेले तरी दिले." माझं या लेखातलं म्हणणं सरळ आहे. डिपॉझिट भाडेकरूचं असतं. त्यातून कापलेला प्रत्येक रुपया का कापला हे सिद्ध करण्याचं ओझं कापणाऱ्यावर आहे. आणि ज्या दिवशी खात्यात रक्कम जमा होते तो दिवस आभाराचा नसून हिशेब तपासण्याचा आहे.

हा हिशेब कसा तपासायचा ते मी माझ्याच प्रकरणावरून सांगतो, कारण त्यातले आकडे मला तोंडपाठ झाले आहेत. पुण्यातला दोन बेडरूमचा फ्लॅट. अकरा महिन्यांचे दोन करार, म्हणजे एकूण बावीस महिने. पहिल्या करारात भाडं २२,५०० रुपये, दुसऱ्यात २४,००० रुपये. डिपॉझिट १,२०,००० रुपये, पहिल्या करारावेळी बँकेतून दिलेलं आणि दुसऱ्या करारात "पूर्वी भरलेली अनामत पुढे चालू" असं नोंदवलेलं. ही ओळ लहान दिसते, पण ती पाहून घ्यावी. करार नव्याने होतो तेव्हा जुना कागद निरुपयोगी समजून लोक फेकून देतात आणि मग पैसे कधी, कुठल्या खात्यातून दिले याचा पुरावा त्या फेकलेल्या कागदातच गेलेला असतो.

करारातलं डिपॉझिटचं कलम असं होतं: घराचा ताबा परत दिल्यापासून १५ दिवसांत अनामत बिनव्याजी परत केली जाईल, त्यातून थकीत भाडं, ताब्याच्या दिवसापर्यंतचं वीजबिल आणि नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळता झालेल्या नुकसानीचा खर्च, बिलं दाखवून, वजा करता येईल. एवढंच. रंगाचा वेगळा उल्लेख नाही, साफसफाईचा नाही. या कलमात चार अटी आहेत: मुदत, वजावटीची कारणं, झिजेचा अपवाद आणि बिलाची अट. पुढचा सगळा वाद या चार अटींवरच उभा राहिला.

मी ३१ मार्चला ताबा दिला. मुदत १५ एप्रिलला संपली. १८ एप्रिलला विचारलं तर उत्तर आलं, "पाठवलेत, बँकेत अडकले असतील." सोबत मोबाइलवरचा एक स्क्रीनशॉट. बहुतेक भाडेकरू इथे गप्प बसतात, कारण बँकेचं नाव आलं की आपल्याला काही कळत नाही असं आपण धरून चालतो. पण बँकेतून गेलेल्या पैशाला स्वतःचा क्रमांक असतो. आयएमपीएस किंवा यूपीआयने गेले तर बारा अंकी, एनईएफटीने गेले तर सोळा अक्षरांचा यूटीआर. पैसे खरोखर निघाले असतील तर हा क्रमांक पाठवणाऱ्याच्या बँकेच्या नोंदीत असतो आणि तो आपल्या बँकेला सांगितला की पैसे कुठे आहेत ते शोधता येतं. मला आलेल्या स्क्रीनशॉटवर असा क्रमांक नव्हता. पैसे पाठवण्याची सूचना भरल्याचा तो पडदा होता, पुढची परवानगी दिल्याचा नव्हता.

"सुट्ट्या आल्या म्हणून अडकले" हेही आता चालणारं कारण राहिलेलं नाही. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी वर्षभर, चोवीस तास, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या फेऱ्यांनी चालते. समोरच्या खात्यात पैसे जमा करता आले नाहीत तर त्या फेरीनंतर दोन तासांत ते पाठवणाऱ्याच्या बँकेकडे परत जाणं अपेक्षित असतं. म्हणजे पैसे एक तर तुमच्या खात्यात असतात, नाही तर त्याच्या. दोन आठवडे अधांतरी लटकत नाहीत. मी एका ओळीत लिहिलं, "यूटीआर क्रमांक पाठवा, मी माझ्या बँकेत चौकशी करतो." क्रमांक आला नाही. २ मे रोजी पैसे आले, आयएमपीएसने, दोन हप्त्यांत: ५०,००० आणि २८,४००. एकूण ७८,४००. मुदतीनंतर सतरा दिवसांनी.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्याच करारात भाडं उशिरा दिलं तर मी दर दिवशी २०० रुपये द्यावेत असं कलम होतं. मालकाने डिपॉझिट उशिरा दिलं तर काय, याबद्दल कागद मुका होता. माझे दहा दिवस दोन हजारांचे, त्याचे सतरा दिवस फुकट. हा माझ्याच कराराचा दोष आहे असं समजू नका. एजंटकडचा तयार मसुदा बहुतेक ठिकाणी असाच मालकाच्या बाजूने कललेला असतो आणि आपण सही करताना फक्त भाड्याचा आकडा आणि तारीख पाहतो.

आता वजावट. १,२०,००० मधून ७८,४०० वजा केले की ४१,६०० उरतात. एवढे कापले गेले. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर यादी आली: रंगकाम २४,०००, संपूर्ण घराची साफसफाई ४,५००, वीजबिल ३,७४०, गिझर दुरुस्ती ३,५००, खिडकीची काच ८५०. ही यादी पाहिल्यावर कुणाचीही पहिली प्रतिक्रिया चिडण्याची असते आणि भांडण लगेच रंगावर सुरू होतं. त्याआधी एक अगदी बाळबोध काम करायचं असतं, ते म्हणजे बेरीज. या पाच रकमांची बेरीज ३६,५९० येते. कापले ४१,६००. म्हणजे ५,०१० रुपये असे आहेत ज्यांचं कारण यादीतसुद्धा नाही.

हे ज्याच्या त्याच्या बाबतीत करून पाहा. आकडे तीन असतात: करारानुसार मिळायला हवी ती रक्कम, मालकाच्या यादीनुसार मिळायला हवी ती रक्कम आणि खात्यात प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम. लोक पहिल्या आणि तिसऱ्यातलं अंतर पाहून रडतात. दुसरा आणि तिसरा आकडा एकमेकांशी जुळतो का, हे कोणी पाहत नाही. माझ्या अनुभवात मालकाची बाजू सर्वात लंगडी तिथेच असते, कारण ती त्याच्याच हस्ताक्षरात असते. मी एवढंच विचारलं, "तुमच्या यादीप्रमाणे ८३,४१० यायला हवेत, ७८,४०० आले. बाकी ५,०१० कशाचे?"

उत्तर म्हणून महावितरणच्या एका बिलाचा फोटो आला. अतिरिक्त सुरक्षा ठेव. वीज कंपनी ग्राहकाकडून सरासरी वापराच्या हिशेबाने ठेव घेते आणि वापर वाढला की दरवर्षी फरकाची मागणी वेगळ्या बिलाने करते. ग्राहक म्हणजे ज्याच्या नावावर मीटर आहे तो, म्हणजे घरमालक. ही ठेव त्याच्या नावावर जमा राहते, मीटर बंद केलं की त्यालाच परत मिळते. आणि तेवढ्यावर थांबत नाही. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ४७ नुसार वीज कंपनीला या ठेवीवर ग्राहकाला व्याजही द्यावं लागतं, बँक दराइतकं किंवा त्याहून जास्त. ते वर्षातून एकदा बिलातून वळतं होतं.

या चित्राकडे जरा थांबून पाहा. माझ्या डिपॉझिटमधून, ज्यावर मला एक पैसा व्याज नाही, माणसाने स्वतःचं डिपॉझिट भरलं, ज्यावर त्याला व्याज मिळणार. स्वतः ठेवीदार असताना ठेव ही आपलीच मालमत्ता आहे हे त्याला नीट कळतं. दुसऱ्याची ठेव हातात आली की ती आपली वाटायला लागते. या देशात वीज कंपनीसारख्या बलाढ्य संस्थेला ठेवीवर व्याज द्यायला कायदा भाग पाडतो आणि घरमालकाला मूळ रक्कम वेळेवर द्यायला भाग पाडताना तो पुटपुटतो, हा माझ्या रागाचा खरा विषय आहे.

आता यादीतल्या एकेका रकमेला करारासमोर उभं करू.

वीजबिल ३,७४० रुपयांचं होतं, १२ मार्च ते १२ एप्रिल या काळाचं. मी घर ३१ मार्चला सोडलं आणि नवे भाडेकरू एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात राहायला आले. बिल पूर्ण माझ्या माथी. ताब्याच्या दिवशी मीटरचा फोटो काढला होता, तो इथे कामी आला. बिलावरचं मागील रीडिंग १४,२१०, माझ्या फोटोतलं १४,३५२, बिलावरचं चालू रीडिंग १४,५४६. एकूण वापर ३३६ युनिट, त्यातले माझे १४२. ३,७४० रुपयांतला माझा वाटा १,५८१ रुपये येतो. खरं तर त्याहूनही कमी यायला हवा, कारण विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो आणि माझे १४२ युनिट खालच्या स्वस्त टप्प्यांत बसतात. महाग टप्पा एप्रिलमध्ये एसी लावणाऱ्यांमुळे लागला. पण मी साधं प्रमाण धरलं, कारण ते कुणालाही कागदावर मिनिटभरात तपासता येतं. वादाच्या हिशेबात बारकाईपेक्षा समोरच्याला पडताळता येणं जास्त मोलाचं असतं. दिवसांच्या हिशेबाने वाटणी मात्र करू नये, कारण रिकाम्या घराचा दिवस आणि भरल्या घराचा दिवस मीटरला सारखा नसतो.

खिडकीची काच सामान नेणाऱ्या हमालांच्या हातून तडकली होती. ८५० रुपयांचं बिल होतं, काचवाल्याच्या दुकानाचं, क्रमांक आणि तारखेसह. करारात बसतं. मान्य.

गिझर नऊ वर्षांचा होता. त्याचा वर्षही त्याच्या अंगावरच छापलेला होता. जानेवारीत पाणी तापेनासं झालं तेव्हाच मी मालकांना मेसेज केला होता, तो मेसेज आजही फोनमध्ये आहे. आतली कॉइल जाणं हे क्षारयुक्त पाण्यात चालणाऱ्या गिझरचं ठरलेलं मरण आहे. भाडेकरूने फोडला, आपटला, पाण्याविना चालू ठेवला तर नुकसान. वर्षांनी संपला तर झीज. मालकाने मला भाड्याने दिलं ते गरम पाणी देणारं घर होतं, गिझरचं आयुष्य वाढवण्याचा ठेका नव्हता. इथे शून्य.

साफसफाईचे ४,५०० करारात कुठेच नाहीत. घर झाडून-पुसून, रिकामं करून दिलं होतं, त्याचं चित्रीकरण ताब्याच्या दिवशी दोघांच्या उपस्थितीत झालं होतं. नव्या भाडेकरूला घर चकचकीत दाखवायचं असेल तर तो मालकाच्या धंद्याचा खर्च आहे. इथेही शून्य.

राहिला रंग. सगळ्या वादाचा राजा. २४,००० रुपये. माझं मासिक भाडं २४,०००. रंगाचा खर्च भाड्याइतकाच यावा हा योगायोग पुण्यात इतक्या घरांत घडतो की त्याला योगायोग म्हणायची लाज वाटते. पुरावा म्हणून जो कागद आला तो बिल नव्हता, कोटेशन होतं. दोन्हींतला फरक समजून घेतला पाहिजे. कोटेशन म्हणजे काम केलं तर किती लागतील याचा अंदाज. बिल म्हणजे केलेल्या कामाचे मागितलेले पैसे. कोटेशनवर पैसे दिल्याची तारीख नसते, कारण दिलेलेच नसतात. करारात "बिलं दाखवून" असे शब्द होते. अंदाजपत्रक दाखवून कापता येईल असं कुठेही नव्हतं.

पण समजा, बिल आलं असतं, तरी काय? दोन वर्षं माणसं राहिलेल्या घराच्या भिंती नव्या राहत नाहीत. स्वयंपाकघरात तेलाचा हलका थर बसतो, सोफ्यामागची भिंत काळवंडते, दिव्यांच्या बटणांभोवती बोटांचे ठसे उमटतात. याच गोष्टींसाठी मी बावीस महिने भाडं भरलं. वापरण्याचेच पैसे घ्यायचे आणि वापरल्याचा दंडही घ्यायचा, हे एकाच मालाची दोनदा विक्री करण्यासारखं आहे. हा विचार माझा नाही, जुना आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात भाडेपट्टेदाराची कर्तव्यं सांगणाऱ्या कलम १०८ मध्ये घर चांगल्या स्थितीत परत द्यायचं म्हटलं आहे, पण वाजवी वापराने होणारी झीज तिथेच वगळली आहे. लिव्ह अँड लायसन्स हा कायद्याच्या भाषेत भाडेपट्टा नव्हे, पण माझ्या करारात तेच तत्त्व शब्दांत लिहिलेलं होतं.

झिजेपलीकडचं काय होतं? बैठकीच्या भिंतीत नऊ खिळ्यांची भोकं. ती बुजवून, पुट्टी लावून, तेवढ्या भिंतीला रंगाचा हात द्यायला स्थानिक रंगाऱ्याने १,५०० रुपये सांगितले. ते मी देणं लागतो, असं मी स्वतःहून लिहून कळवलं. बेडरूमच्या भिंतीवरचा ओलाव्याचा पट्टा मात्र पलीकडच्या बाथरूमच्या गळतीचा होता. गळणारी पाइपलाइन मालकाची, ओल माझी, असं होत नाही.

मी मालकांना दोन प्रश्न विचारले आणि प्रत्येक भाडेकरूने ते विचारावेत. पहिला: मी येण्याआधी घर शेवटचं कधी रंगवलं होतं? रंगाचं आयुष्य चार-पाच वर्षं धरलं आणि त्यातली दोन माझ्या आधीच गेली असतील, तर मी संपूर्ण नव्या रंगाची किंमत का द्यायची? दुसरा: माझ्या आधीच्या भाडेकरूकडूनही रंगाचे पैसे कापले होते का, आणि कापले असतील तर तेव्हा रंग लावला होता का? दोन्ही प्रश्नांना उत्तर मिळालं नाही. मिळणारही नव्हतं.

तर हिशेब असा झाला. वीज १,५८१, काच ८५०, भोकं १,५००. योग्य वजावट ३,९३१. मिळायला हवे होते १,१६,०६९. आले ७८,४००. बाकी ३७,६६९.

हे मी एका पानावर मांडलं. डावीकडे मालकाने कापलेली रक्कम, मध्ये करारातल्या कलमाचा आधार, उजवीकडे मला मान्य असलेली रक्कम आणि कारण. मीटरचा फोटो, बँकेचा उतारा आणि जानेवारीतला मेसेज जोडला. शेवटी बाकी रक्कम, १५ दिवसांची मुदत आणि माझा खाते क्रमांक. भाषा कोरडी ठेवली. "फसवणूक", "चोरी" असले शब्द घातले की समोरचा हिशेब सोडून अपमानावर बोलायला लागतो, आणि त्याला तेच हवं असतं. हे पान मेसेजने आणि स्पीड पोस्टने, दोन्ही मार्गांनी पाठवलं.

९ जूनला १५,१६९ रुपये जमा झाले. साफसफाई, गिझर, अतिरिक्त सुरक्षा ठेव आणि विजेतला जादा भाग, सगळं पैशा-पैशाने. सोबत एक शब्दही नाही. ज्या वजावटीसाठी महिनाभर आवाज चढला होता ती एका पानाने मागे घेतली गेली, याचा अर्थ ती कापतानाच माहीत होतं की ती टिकणारी नाही. भाडेकरू बेरीज करणार नाही एवढ्या एका विश्वासावर ती उभी होती. रंगाचे २२,५०० अजून अडले आहेत. वकिलाची नोटीस गेली आहे.

"बावीस हजारांसाठी कोर्टात जाणार का?" हा प्रश्न मला रोज कोणी तरी विचारतं. प्रश्न खोटा नाही. पोलीस चौकीत गेलो तर "हा दिवाणी मामला आहे" असं उत्तर मिळतं. दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, पण वकिलाची फी आणि तारखा यांचं गणित मांडलं की रक्कम विरघळते. मालकाला हे पक्कं माहीत असतं. वजावटीची रक्कम नेमकी एवढी ठेवली जाते की सोडवत नाही आणि लढवतही नाही.

मालकांची बाजू मला माहीत नाही असं नाही. भाडं थकवून, नळ तोडून, रात्रीतून पसार झालेले भाडेकरू असतात. निवृत्त माणसाची आयुष्यभराची कमाई त्या फ्लॅटमध्ये असते आणि डिपॉझिट ही त्याची एकमेव ढाल असते. ढाल असावी. माझा आक्षेप ढालीला नाही, ढाल विकून खाण्याला आहे. अनेक घरांत डिपॉझिट आल्या दिवशीच खर्च झालेलं असतं आणि जुन्याला परत द्यायला नव्याच्या डिपॉझिटची वाट पाहिली जाते. म्हणून उशीर, म्हणून "बँकेत अडकले", आणि नव्याकडून कमी आलं तर त्याची भरपाई जुन्याच्या भिंतींतून.

आपण डिपॉझिटला मराठीत अनामत म्हणतो. हा शब्द अरबी अमानतचा मराठी अवतार आहे. माझ्या आजीच्या तोंडी अमानत म्हणजे शेजारणीने विश्वासाने ठेवायला दिलेलं डबोलं, ज्याला हात लावायचा नसतो. मराठीने शब्द घेतला, व्यवहारात रुळवला, करारात छापला. अर्थ तेवढा दाराबाहेर राहिला.

आणि बिनव्याजी म्हणून मालकाला त्यातून काही मिळत नाही, असंही कोणी म्हणू नये. खुद्द सरकार तसं मानत नाही. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करारावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं, आणि ते काढताना भाड्याच्या रकमेत परत करायच्या अनामतीवरचं वार्षिक १० टक्के व्याज गृहीत धरून मिळवलं जातं. म्हणजे माझे १,२०,००० मालकाकडे राहिल्याने त्याला वर्षाला १२,००० चा लाभ होतो, असं शासनाच्या शुल्काच्या हिशेबात धरलं जातं. बावीस महिन्यांचे झाले २२,०००. शुल्क वसूल करायचं असतं तेव्हा हे व्याज दिसतं. भाडेकरूचा हिशेब करायचा असतो तेव्हा ते अदृश्य होतं. त्या बावीस हजारांत मालकाने घर रंगवून घेतलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं.

कायद्याने काय करता येईल, हेही कोणी शोधायला नको. २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं आणि परतफेड ताबा घेण्याच्या दिवशीच, देणी वजा करून, अशी तरतूद आहे. पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. आपल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे असं सांगतं, नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकतं आणि नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतं. चांगली तरतूद आहे. पण नोंदवलेल्या करारातच परतफेडीचं कलम अर्धवट असेल तर नोंदणी काय वाचवणार? ऑनलाइन नोंदणीच्या मसुद्यात तीन ओळी सक्तीच्या करा: परतफेडीची तारीख, वजावटीची बिलासह लेखी यादी, आणि भाडेकरूच्या उशिराला जो दंड तोच मालकाच्या उशिराला. यासाठी नवं न्यायालय लागत नाही, नवा निधी लागत नाही.

तोवर सही करण्याआधी हे तीन शब्दांत अडवून धरा: मुदत, बिल, झीज. मसुद्यात "रंगासाठी एक महिन्याचं भाडं" असं वाक्य असेल तर तिथेच खोडून घ्या, कारण सहीनंतर त्याच्याशी लढणं फार अवघड जातं. मला ठाऊक आहे, हे सांगणं सोपं आहे. आमच्या आडनावाच्या माणसाला नाव ऐकून दोन-चार दारं बंद झाल्यावर जे दार उघडतं त्याच्याशी कलमांवर घासाघीस करायची हिंमत होत नाही. एकट्या मुलींचं, घटस्फोटितांचं, मांसाहारी म्हणून नाकारलेल्यांचंही तेच. "घर मिळालं हेच नशीब" म्हणणाऱ्याचं डिपॉझिट सगळ्यात जास्त कापलं जातं, कारण त्याला पुढच्या घरासाठी याच मालकाचा चांगला शब्द लागणार असतो. कापणाराही हे जाणून असतो.

म्हणूनच हा हिशेब एकेकट्याच्या धाडसावर सोडता येणार नाही. नोटिशीच्या उत्तराची मुदत या महिनाअखेर संपते. रंगाचं बिल, पैसे दिल्याच्या नोंदीसह, आलं तर भोकं सोडून बाकी भिंतींवर नेमकं काय नुकसान होतं हे मालकांनी दाखवावं. आलं नाही, तर २२,५०० माझे आहेत. ज्याच्या हातात दुसऱ्याचे पैसे आहेत, हिशेब त्याने द्यायचा.